फी कापली गेली आणि साइटवर Failed: पैसे कुणाकडे अडकलेत ते आधी शोधा

प्रश्न: काल सरळसेवेच्या फॉर्मची फी भरताना यूपीआयमधून 1000 रुपये कापले गेले, पण साइटवर Payment Failed आलं. घाबरून पुन्हा भरली, तेव्हाही पैसे गेले आणि या वेळी पावती आली. बँकवाले म्हणतात पैसे आमच्याकडे नाहीत, हेल्पलाइनवाले म्हणतात बँकेला विचारा. पहिले हजार बुडाले का? आणि त्या Failed मुळे माझा फॉर्म बाद तर होणार नाही ना?

उत्तर:

आधी फॉर्मचं सांगते, कारण खरी धास्ती त्याचीच असते. लॉगिन केल्यावर फीच्या रकान्यात Paid दिसत असेल आणि पावती उघडत असेल, तर आधीच्या फसलेल्या प्रयत्नामुळे अर्ज बाद होत नाही. भरती परीक्षांच्या ऑनलाइन फीचा ताळमेळ घालण्याचं काम मी अकरा वर्षं करते आहे. उमेदवारांचे अर्ज एकीकडे, पेमेंट गेटवेकडून रोज येणारी व्यवहारांची यादी दुसरीकडे आणि बँकेत प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम तिसरीकडे, अशा तीन याद्या समोर ठेवून आम्ही जुळवतो. तिथे प्रत्येक अर्जासमोर एक यशस्वी व्यवहार आहे की नाही एवढंच पाहिलं जातं. त्याआधी किती वेळा Failed आलं याची कुणी मोजदाद ठेवत नाही. तेव्हा आजच पुन्हा एकदा लॉगिन करून Paid दिसतंय याची खात्री करा, पावतीची पीडीएफ उतरवून घ्या आणि त्या पावतीवर छापलेला व्यवहार क्रमांक एका कागदावर लिहून ठेवा. त्या क्रमांकाचं पुढे मोठं काम आहे.

आता पहिले हजार. ते बहुधा बुडालेले नाहीत, पण ते आपोआप येणार की मागून घ्यावे लागणार, आणि मागायचे तर कुणाकडे, हे ते या क्षणी कुठे आहेत त्यावर ठरतं. बँक आणि हेल्पलाइन तुम्हाला एकमेकांकडे पाठवतात तेही यामुळेच. दोघंही आपापल्या पडद्यावर दिसतं तेवढं खरं सांगत असतात, आणि दोघांनाही अर्धंच दिसतं.

साइटवर आलेलं Failed हा पैशांबद्दलचा निकाल नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की 'मी थांबले तेवढ्या वेळात पैसे आल्याची खबर मला मिळाली नाही'. तुम्ही फी भरायचं बटण दाबलं की साइट एक ऑर्डर क्रमांक तयार करते आणि तुम्हाला गेटवेकडे पाठवते. गेटवे यूपीआयमार्फत तुमच्या बँकेकडे रक्कम मागतो, बँक खात्यातून ती वजा करते, आणि मग होकार त्याच वाटेने उलटा परत येतो. शेवटच्या दिवशी रात्री या वाटेवर इतकी गर्दी असते की पैसे पुढे जातात आणि होकार मागे राहतो. साइट काही मिनिटं वाट बघते आणि Failed लिहून मोकळी होते.

खबर साइटपर्यंत येण्याच्या तीन वाटा आहेत. पहिली तुमच्या ब्राउझरमधून: पैसे भरल्यावर पान आपोआप परत फिरतं, ती. टॅब बंद केला, फोन आला, नेट गेलं, की ही वाट तुटते. दुसरी वाट म्हणजे गेटवेच्या सर्व्हरने आमच्या सर्व्हरला परस्पर कळवणं, जे कधी सेकंदात होतं तर कधी तासाभराने. तिसरी वाट म्हणजे दुसऱ्या दिवशी येणारी यादी. म्हणूनच रात्री Failed असलेला अर्ज सकाळी Paid झालेला आम्ही कितीतरी वेळा पाहतो, आणि उमेदवाराने तोवर दुसऱ्यांदा फी भरलेली असते.

तुमचे पहिले हजार त्यामुळे दोनपैकी एका जागी आहेत. एक तर ते तुमच्या खात्यातून निघाले पण गेटवेच्या बँकेत पोचलेच नाहीत. अशा वेळी ते बँकांच्या यंत्रणेतच अडकलेले असतात आणि उलटी नोंद होऊन परत येतात. किंवा ते पोचले, फक्त खबर उशिरा आली. मग ते गेटवेकडे किंवा परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या खात्यात आहेत आणि एकाच अर्जावर दोन यशस्वी व्यवहार झाले आहेत. पहिल्या प्रकारात बँकेच्या मागे लागायचं असतं, दुसऱ्यात संस्थेच्या. बहुतेकांची खरी अडचण होते ती इथे: चुकीच्या दारात महिनाभर उभं राहिल्याने.

कोणता प्रकार आहे हे ओळखायला तुमच्या हातात एक सोपी खूण आहे. साइट काय म्हणते ते बाजूला ठेवा आणि यूपीआय ॲपच्या इतिहासात जाऊन तोच व्यवहार उघडा. ॲपही Failed म्हणत असेल आणि तरी खात्यातून रक्कम गेली असेल, तर पैसे परतीच्या वाटेवर आहेत. ॲप Pending किंवा Processing म्हणत असेल तर निकाल अजून लागलेला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. ॲप स्वच्छ Success म्हणत असेल तर पैसे पलीकडे पोचले आहेत आणि बँक म्हणते ते खरं आहे, ते तिच्याकडे नाहीत. कार्डाने किंवा नेट बँकिंगने भरली असेल तर ही खूण ॲपमध्ये मिळत नाही. तिथे खात्याचं स्टेटमेंटच बघावं लागतं.

त्याच पानावर 12 आकडी क्रमांक दिसेल. काही ॲप त्याला UTR म्हणतात, काही UPI transaction ID किंवा UPI Ref No., आणि बँकेच्या भाषेत तो RRN. स्टेटमेंटमधल्या नोंदीतही बहुधा तोच असतो. बँकेला हा क्रमांक कळतो, ऑर्डर क्रमांक कळत नाही. आमच्या हेल्पलाइनचं उलट आहे: तिथे आधी अर्ज क्रमांक आणि ऑर्डर क्रमांक लागतो. लोक बँकेत जाऊन फॉर्मचा नंबर सांगतात आणि हेल्पलाइनला फक्त एसएमएसचा स्क्रीनशॉट पाठवतात, मग दोन्हीकडून 'व्यवहार सापडत नाही' असं उत्तर येतं. दोन्ही क्रमांक एकाच कागदावर, प्रत्येक प्रयत्नाची वेळ शेजारी लिहून, मांडून ठेवा. फी एसबीआय कलेक्टवरून भरली असेल तर DU ने सुरू होणारा क्रमांक असतो आणि तिथल्या Payment History मध्ये तारीख टाकून जुना व्यवहार शोधता येतो.

आता नियम. रिझर्व्ह बँकेने 20 सप्टेंबर 2019 ला एक परिपत्रक काढलं आणि ते त्याच वर्षी 15 ऑक्टोबरपासून लागू झालं. खात्यातून रक्कम गेली पण दुकानदाराला, म्हणजे आपल्या बाबतीत परीक्षेच्या साइटला, पुष्टी मिळाली नाही, तर ती रक्कम व्यवहाराच्या तारखेनंतर पाच दिवसांत आपोआप परत जमा झाली पाहिजे. यूपीआयने केलेली खरेदी आणि कार्डाने केलेला ऑनलाइन भरणा या दोन्हींना हीच मुदत आहे. हे पाच दिवस कॅलेंडरचे, रविवार आणि सुट्ट्या धरून. मुदत उलटली तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 100 रुपये भरपाई म्हणून ग्राहकाला मिळायला हवेत, आणि तेही तक्रारीची वाट न बघता. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेल्या पैशांसाठी मुदत एकच दिवसाची आहे. शाखेत कधी कधी तीच सांगितली जाते, पण फी भरणं त्यात मोडत नाही.

हा नियम फसलेल्या व्यवहाराचा आहे हे मात्र नीट लक्षात ठेवा. दोन्ही व्यवहार यशस्वी झाले असतील तर बँकेच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नाही. तुम्ही दोनदा पैसे दिले, दोनदा पोचले. तिथे पाच दिवस आणि शंभर रुपये लागू होत नाहीत. तो परतावा संस्थेच्या ताळमेळातून होतो आणि त्याला वेळ लागतो. उमेदवाराला हा फरक कुणी समजावून सांगत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. दोनदा यशस्वी भरणा झालेला मुलगा पाचव्या दिवसानंतर रोज शाखेत भांडतो, आणि ज्या ईमेलवर एक ओळ लिहायची ती लिहायची राहून जाते.

गेल्या वर्षीचं एक प्रकरण सांगते, त्यात हे सगळे प्रकार एकाच मुलीच्या वाट्याला आले होते. फीची मुदत 13 तारखेला, शुक्रवारी रात्री बारापर्यंत होती. तिने 9:42 ला यूपीआयने 1000 रुपये भरले. पैसे गेले, साइटवर Failed. 9:51 ला पुन्हा यूपीआयने भरले; पैसे गेले, साइट फिरत राहिली आणि शेवटी तिथेही Failed. 10:08 ला वडिलांच्या डेबिट कार्डाने भरले, आणि पावती आली. तीन हजार गेले, फी एक हजार. सोमवारी वडील शाखेत गेले आणि तिन्ही व्यवहारांवर तक्रार नोंदवून आले. त्यांचा राग मी समजू शकते. पण त्यातली एक तक्रार त्यांच्याच मुलीच्या अर्जाला धोक्यात घालणारी होती.

पहिल्या व्यवहारात ॲपवर Failed होतं. पाच दिवसांची मुदत 18 तारखेला संपली, प्रत्यक्षात रक्कम 21 ला जमा झाली. तीन दिवस उशीर, म्हणजे 300 रुपये भरपाई. ती आपोआप आली नाही. व्यवहाराची आणि परतीच्या नोंदीची तारीख दाखवून बँकेला ईमेल केल्यावर आली. आमचा या व्यवहाराशी संबंधच नव्हता, आमच्या एकाही यादीत तो नव्हता.

दुसऱ्या व्यवहारात ॲपवर आधी Pending होतं आणि काही मिनिटांनी Success झालं होतं, पण तिने ते नंतर पाहिलंच नाही. आमच्या साइटला तो कळला दुसऱ्या दिवशीच्या यादीतून, आणि तोवर तिचा अर्ज तिसऱ्या व्यवहारावर Paid झाला होता. हे खरे जादा भरलेले हजार. बँकेने तक्रारीला उत्तर दिलं की व्यवहार यशस्वी आहे, रक्कम पोचली आहे. वडिलांना वाटलं बँक हात झटकते आहे. खरं तर त्या उत्तरात त्यांना हवा तो पुरावा होता. त्यांनी ते उत्तर आम्हाला पाठवलं आणि आम्ही 12 आकडी क्रमांकावरून व्यवहार शोधून जादा फीच्या यादीत घातला. पैसे मात्र लगेच गेले नाहीत. अर्जाला मुदतवाढ मिळाली होती, आणि मुदत पूर्ण संपून सगळे अर्ज जुळल्याशिवाय जादा भरणा कुणाचा हे पक्कं ठरत नाही. सव्वा महिन्याने रक्कम तिच्या खात्यात गेली.

तिसरा व्यवहार म्हणजे तिची खरी फी. त्यावर घेतलेली कार्डाची तक्रार बँकेमार्फत गेटवेकडे आणि तिथून दहा-बारा दिवसांनी आमच्याकडे आली: 'सेवा मिळाली नाही, पैसे परत द्या'. आम्ही पावती आणि अर्जाची नोंद जोडून उत्तर दिलं म्हणून निभावलं. अशा तक्रारीला ठरलेल्या मुदतीत उत्तर गेलं नाही तर रक्कम ग्राहकाला परत दिली जाते, आणि मग ताळमेळात त्या अर्जासमोर फीच उरत नाही. म्हणून मी सुरुवातीला पावतीवरचा क्रमांक लिहून ठेवायला सांगितलं. त्या क्रमांकाच्या व्यवहाराला हात लावायचा नाही. बाकीच्यांवर तक्रार करा, त्याच्यावर कधीच नाही. आणि पावती शेवटच्या प्रयत्नाचीच असेल असं धरून चालू नका. काही साइटवर पहिल्या व्यवहाराची खबर दरम्यान आलेली असते आणि अर्ज त्याच्यावरच Paid होतो. मग जादा ठरतो तो दुसरा.

तुमच्यासाठी आता काय करायचं ते याच क्रमाने सांगते. आज ॲप उघडून पहिल्या व्यवहाराची स्थिती बघा. ती Failed असेल तर कालच्या तारखेपासून पाच दिवस मोजा आणि तोवर खात्याकडे लक्ष ठेवा. परतीची नोंद पुष्कळदा नुसता क्रमांक आणि REV किंवा तत्सम अक्षरं अशा रूपात येते आणि तिचा एसएमएस येईलच असं नाही, म्हणून स्टेटमेंट बघा. सहाव्या दिवशीही जमा नसेल तर ॲपमध्ये त्या व्यवहारावर जाऊन तक्रार नोंदवा, आणि शिवाय बँकेला लेखी कळवा, ईमेलने किंवा शाखेत अर्ज देऊन पोच घेऊन. तोंडी तक्रारीला पुढे काही अर्थ राहत नाही. तक्रार क्रमांक मिळाला की तो त्याच कागदावर लिहा. तीस दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. तिला फी नाही, वकील लागत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असणं ही मात्र अट आहे.

ॲपवर Success असेल तर पाच दिवस थांबण्यात हशील नाही. आजच बँकेकडून लेखी उत्तर घ्या की अमुक RRN चा व्यवहार यशस्वी आहे. बँकेने तुम्हाला तोंडी सांगितलं आहेच, तेच ईमेलवर मागा. मग जाहिरातीत दिलेल्या हेल्पलाइनच्या ईमेलवर एक पत्र पाठवा. मजकूर साधारण असा ठेवा:

'माझा अर्ज क्रमांक अमुक. या अर्जासाठी अमुक तारखेला अमुक वाजता 1000 रुपये भरले, ऑर्डर क्रमांक अमुक, UTR अमुक. साइटवर Failed दिसलं पण बँकेनुसार व्यवहार यशस्वी आहे. त्यानंतर अमुक वाजता पुन्हा 1000 रुपये भरले, ऑर्डर क्रमांक अमुक, त्याची पावती जोडली आहे आणि माझा अर्ज याच व्यवहारावर Paid आहे. कृपया पहिल्या व्यवहाराची जादा रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत करावी. दुसरा व्यवहार रद्द करू नये.'

शेवटचं वाक्य वगळू नका. आमच्याकडे 'माझे पैसे परत करा' एवढंच लिहिलेली पत्रं येतात आणि दोनपैकी कोणता व्यवहार परत करायचा हे वाचणाऱ्याला अंदाजाने ठरवावं लागतं.

सोबत काय जोडायचं? पावती, बँकेचं उत्तर आणि खात्याचं स्टेटमेंट. स्टेटमेंट व्यवहाराच्या दिवसापासून पत्र लिहिण्याच्या दिवसापर्यंतचं सलग हवं. फक्त त्या एका दिवसाचं पान जोडलं तर पैसे गेले हे दिसतं, ते परत आलेले नाहीत हे दिसत नाही, आणि आम्हाला पुन्हा विचारावं लागतं. एसएमएसचा स्क्रीनशॉट याची जागा घेऊ शकत नाही. आणि एकच पत्र पाठवा. रोज नवं पत्र पाठवलं की रोज नवी तक्रार तयार होते, ती वेगवेगळ्या माणसांकडे जाते आणि एकाच प्रकरणाचे चार अर्धवट तुकडे होतात. आठवडाभराने आठवण करायची असेल तर त्याच ईमेलला उत्तर म्हणून लिहा.

संस्थेकडून 'परतावा पाठवला' असं उत्तर आलं आणि तरी खात्यात काही दिसत नसेल, तर 'परताव्याचा संदर्भ क्रमांक द्या' एवढंच विचारा. परतावा हा स्वतंत्र व्यवहार असतो आणि त्याला स्वतःचा क्रमांक असतो. तो दिल्यावर बँक आपल्या बाजूने तो शोधू शकते; मूळ व्यवहाराच्या क्रमांकावर तिला कदाचित काहीच सापडणार नाही.

जादा फी परत मिळेलच का, हे जाहिरातीतल्या अटींवरही अवलंबून आहे, आणि इथे सगळ्या संस्था सारख्या नाहीत. आयबीपीएसच्या सूचनांत ई-रिसीट निघाली नाही म्हणजे भरणा फसला असं समजा, पुन्हा लॉगिन करून पुन्हा भरा, असं स्पष्ट असतं. एनटीएच्या माहितीपत्रकांत आधी बँक किंवा गेटवे, मग हेल्पलाइन, आणि तरीही सुटलं नाही तर दुसऱ्यांदा भरणा, अशी पायरी दिलेली असते. जादा भरलेली रक्कम ताळमेळानंतर ज्या माध्यमातून आली त्याच माध्यमातून परत केली जाते. यूपीएससीच्या जाहिरातीत एकदा भरलेली फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही, असं कडक वाक्य असतं. तुमच्या जाहिरातीत फीचा परिच्छेद शोधून वाचा. 'फी परत मिळणार नाही' असं वाक्य असलं तरी पत्र पाठवाच. माझ्या कामात ते वाक्य मुख्यतः अर्ज भरून नंतर मन बदलणाऱ्यांसाठी लावलं जातं, आणि एका अर्जावर चुकून दोनदा आलेली रक्कम वेगळी काढली जाते. पण प्रत्येक संस्था तसंच करेल याची हमी मी देऊ शकत नाही.

संस्था उत्तरच देत नसेल तर लोकपालाकडे जाऊन उपयोग नाही, तो बँकांसाठी आहे. राज्याच्या विभागासाठी आपले सरकार पोर्टलवर तक्रार करता येते, केंद्राच्या संस्थेसाठी pgportal.gov.in वर. त्याहूनही मला नेमका वाटतो तो माहितीचा अधिकार. दहा रुपयांचं शुल्क भरून एकच प्रश्न विचारा: 'अमुक अर्ज क्रमांकासमोर एकूण किती यशस्वी व्यवहार, कोणत्या तारखांना व कोणत्या क्रमांकांनी जमा आहेत?' याला तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर देण्यासाठी कुणाला तरी तुमचा अर्ज उघडून ताळमेळ बघावाच लागतो. अशा दोन प्रकरणांत माहितीचं उत्तर तयार करतानाच जादा रक्कम आमच्या लक्षात आली आणि उत्तराआधी परतावा गेला.

आता, तुम्ही पुन्हा फी भरलीत ती चूक होती का? मुदत किती उरली होती त्यावर आहे. तीन-चार दिवस हातात असते तर मी म्हटलं असतं, आधी साइटवर Check Payment Status किंवा Verify Payment असं बटण आहे का बघा. ते दाबल्यावर साइट नव्याने पैसे मागत नाही, जुन्या ऑर्डर क्रमांकाची स्थिती गेटवेला विचारते. त्यावर आलेलं उत्तर आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंतची वाट, एवढ्यात बरीच प्रकरणं आपोआप मिटतात. पण शेवटच्या दिवशी रात्री Failed दिसत असेल तर पुन्हा भरायचंच, आणि वेगळ्या माध्यमाने भरायचं. यूपीआय अडकलं तर कार्ड किंवा नेट बँकिंग, कारण त्याच बँकेचा यूपीआय सर्व्हर दमलेला असेल तर तिसऱ्या प्रयत्नालाही तेच होणार. हजार रुपये महिनाभर अडकले तर ते मागता येतात. मुदत गेल्यावर 'पैसे कापले होते' असं सांगत आलेल्या उमेदवारांना मी रिकाम्या हाताने परत जाताना पाहिलं आहे, कारण त्यांचा व्यवहार खरोखरच फसलेला होता, पैसे पाचव्या दिवशी परत आले होते आणि अर्जावर फी नव्हती.

फॉर्म सेवा केंद्रातून भरला असेल आणि फी केंद्रचालकाच्या खात्यातून गेली असेल, तर परतावा तुमच्याकडे येणार नाही. तो ज्या खात्यातून गेला तिथेच जातो, आणि ते आम्हाला बदलता येत नाही. चालकाकडून आजच त्या व्यवहाराचे दोन्ही क्रमांक घ्या आणि कोणत्या खात्यातून भरले ते लिहून घ्या. हंगामात तो दिवसाला शंभर फॉर्म भरतो, महिन्याभराने आलेले हजार रुपये कुणाचे ते त्यालाही सांगता येत नाही.

आणखी एक, कारण याच अवस्थेत असलेल्या मुलांना मी फसताना पाहिलं आहे. हेल्पलाइनचा नंबर फक्त जाहिरातीतून किंवा अर्जाच्या साइटवरून घ्या. इंटरनेटवर शोधून सापडलेला 'रिफंड कस्टमर केअर' नंबर किंवा तुमची तक्रार वाचून तुम्हाला आपणहून आलेला फोन यांवर विश्वास ठेवू नका. परतावा घेण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, कोणतंही ॲप उतरवावं लागत नाही. कुणी तसं करायला लावून पैसे काढले तर लगेच 1930 वर फोन करा.

तुमच्या प्रश्नात एकच गोष्ट कळली नाही: पहिल्या व्यवहारासमोर ॲपमध्ये आत्ता काय लिहिलेलं आहे. Failed, Pending की Success, तेवढं बघून सांगा. क्रमांक मात्र इथे उघडपणे लिहू नका.